टोकन देण्याआधी: इंडेक्स टू आणि शेअर सर्टिफिकेटची मागची बाजू

मे-जूनमध्ये पुण्यात भाड्याने घर शोधणाऱ्यांची झुंबड उडते. अशाच एका संध्याकाळी भाचीचा फोन आला. "मामा, कोथरूडला टू बीएचके मिळालाय, चोवीस हजार भाडं, एक लाख डिपॉझिट. दहा हजार टोकन आज रात्रीच पाठवायचंय, उद्या सकाळी अजून दोन पार्ट्या बघायला येतायत."

मी विचारलं, "मालक कोण?"

"ज्यांनी फ्लॅट दाखवला तेच की. चांगले आहेत अगदी. चहा पण दिला."

मी भाडेकराराची कामं करतो. लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन लोकांच्या घरी जातो, करार नोंदवून देतो. त्यामुळे 'चांगले आहेत' याचा माझ्या लेखी उपयोग थोडाच. लोकांचा एक मोठा गैरसमज मी रोज बघतो: करार सरकारदरबारी रजिस्टर होतोय म्हणजे मालकी कुणीतरी तपासली असणार. तसं नसतं. ऑनलाइन नोंदणीत आधार आणि अंगठा जुळतो तो माणसाची ओळख पटवायला. समोरचा माणूस तोच आहे, एवढंच त्यातून सिद्ध होतं. फ्लॅट त्याचा आहे का, हे तिथे कुणी बघत नाही. ते तुम्हालाच बघायचंय, आणि टोकन जाण्याआधी बघायचंय, कारण नंतर तुमच्या हातात दहा हजारांचा स्क्रीनशॉट तेवढा उरतो.

काय मागायचं, आणि कसं

फक्त दोन कागद मागा. पहिला इंडेक्स टू, म्हणजे सूची क्रमांक दोन. घर घेताना दस्त नोंदवला की निघणारा हा एक-दोन पानांचा गोषवारा. दुसरं सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, दोन्ही बाजूंनी. 'दोन्ही बाजूंनी' हे शब्द मेसेजमध्ये असायलाच हवेत, का ते पुढे येईल. अख्खा खरेदीखताचा गठ्ठा, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट वगैरे मागू नका. तुम्ही घर विकत घेत नाही आहात, आणि असं मागितलंत तर पुण्यातला घरमालक दार लावून घेईल. ते चूकही म्हणता येणार नाही.

मागण्याच्या पद्धतीवर बरंच अवलंबून असतं. भाचीला मी असा मेसेज लिहून दिला:

"नमस्कार काका, फ्लॅट आम्हाला पसंत आहे. टोकन पाठवण्याआधी इंडेक्स टू आणि शेअर सर्टिफिकेटच्या दोन्ही बाजू बघायला मिळतील का? फोटो चालतील, किंवा उद्या येऊन समोर बघते. आधार-पॅन आत्ता नको, ते कराराच्या वेळी बघू. माझं कंपनीचं पत्र आणि ओळखपत्र सोबत पाठवतेय."

यात आपले कागद आधी पुढे केलेत. मालकाला आपल्यावर संशय घेतल्यासारखं वाटत नाही, देवाणघेवाण वाटते. फोटो पाठवायला कुणी कचरत असेल तर त्यावर 'फक्त भाडेकरारासाठी' असं आडवं लिहून पाठवा म्हणावं, किंवा घरी जाऊन मूळ कागद बघावा. खरे मालक एक-दोनदा कुरकुर करतात, मग कपाटातून प्लॅस्टिकची फाइल काढतात. "तुम्ही आमच्यावर विश्वास ठेवणार नाही का?" यावर गाडी अडली आणि कागद कुठल्याच रूपात दिसत नसेल, तर टोकन देऊ नका. दलाल "मी आहे ना" म्हणतो, पण दलाल पैसे परत देणार नसतो.

इंडेक्स टू वाचताना

वर शासनाची मुद्रा, खाली अनुक्रमांक घातलेले रकाने. सगळे वाचायची गरज नाही. पहिला रकाना 'विलेखाचा प्रकार'. मालकीचा कागद असेल तर इथे करारनामा, सेल डीड, अभिहस्तांतरणपत्र, बक्षीसपत्र असं काहीतरी असतं. इथे '३६-अ-लिव्ह अॅड लायसन्सेस' असं दिसलं तर तिथेच थांबा. तो भाडेकराराचा इंडेक्स टू आहे.

ही गोष्ट मुद्दाम सांगतोय, कारण नवख्याला फसवायला हा कागद फार सोयीचा. दिसायला तोच, मुद्रा तीच, फ्लॅटचा पत्ता बरोबर, समोरच्या माणसाचं नावही बरोबर. फक्त तो माणूस त्यात भाडेकरू असतो. अकरा महिन्यांसाठी घर घ्यायचं, मग 'मालक' म्हणून तेच घर तिघा-चौघांना दाखवून प्रत्येकाकडून डिपॉझिट उचलायचं, ही जुनी चाल आहे. चावी त्याच्याकडे असते, वॉचमन त्याला सलाम ठोकतो, शेजारी नावाने ओळखतात. खोटं फक्त एका रकान्यात पकडलं जातं.

मग रकाना सात आणि आठ. सातमध्ये दस्त करून देणारा, म्हणजे विकणारा. आठमध्ये करून घेणारा, म्हणजे ज्याच्याकडे घर आलं तो. तुमच्या मालकाचं नाव आठमध्ये हवं. दोन नावं असतील, बहुतेक वेळा नवरा-बायको, तर दोन्ही लिहून ठेवा. रकाना चारमध्ये मिळकतीचं वर्णन असतं: गाव, सर्व्हे नंबर, इमारतीचं नाव, मजला, फ्लॅट नंबर. तुम्ही बघितलेला फ्लॅट बी विंगचा आणि कागदावर ए विंग, असं खरंच निघतं, आणि दर वेळी त्यात लबाडी असते असंही नाही. काही मालकांचे एकाच सोसायटीत दोन फ्लॅट असतात आणि घाईत चुकीच्या फ्लॅटचा कागद पाठवला जातो.

कागद बनावट असेल अशी शंका असेल तर नोंदणी विभागाच्या freesearchigrservice.maharashtra.gov.in या साइटवर स्वतः शोधा. मालकाने दिलेल्या प्रतीवर दुय्यम निबंधक कार्यालय, दस्त क्रमांक आणि वर्ष असतं. पुण्यातली कार्यालयं बहुतेक 'हवेली' अमुक क्रमांक या नावाची. ते भरलं की तोच दस्त समोर यायला हवा. दस्त क्रमांक नसेल तर जिल्हा, गाव आणि सर्व्हे नंबर घालूनही शोधता येतं, पण मोठ्या सर्व्हे नंबरवर शेकडो दस्त निघतात आणि त्यातून आपला फ्लॅट हुडकावा लागतो. साइट हळू आहे, कॅप्चा पुन्हा मागते. रात्री उशिरा किंवा भल्या सकाळी बसा.

इंडेक्स टूची एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. तो त्या दिवशी काय झालं ते सांगतो. २०११ मध्ये घर घेऊन २०२० मध्ये विकलेल्या माणसाकडेही २०११चा इंडेक्स टू असतोच, आणि तो अस्सलच असतो. आज घर कुणाचं, हे कळायला दुसरा कागद लागतो.

शेअर सर्टिफिकेट उलटं करा

सहकारी गृहरचना संस्थेचं शेअर सर्टिफिकेट म्हणजे जाड कागद, नक्षीदार चौकट, संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक, सभासदाचं नाव, शेअरची संख्या, संस्थेचा शिक्का आणि खाली तीन सह्या: अध्यक्ष, सचिव आणि समितीचा एक सदस्य. जुन्या संस्थांत बहुधा पाच शेअर असतात, अलीकडच्या संस्थांत दहा, दर शेअर पन्नास रुपयांचा. म्हणजे कागदाची छापील किंमत अडीचशे किंवा पाचशे रुपये, आणि त्यासाठी लोक तो बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतात.

शेअरना अनुक्रमांक असतात. प्रत्येक सभासदाला पाच शेअर आणि दाखले ओळीने दिले असतील, तर १४ नंबरच्या दाखल्यावर ६६ ते ७० हे अनुक्रमांक यायला हवेत. तेरा जणांचे पासष्ट झाले, पुढचे पाच याचे. सगळ्याच संस्था इतक्या शिस्तीच्या नसतात, त्यामुळे आकडा जुळला नाही म्हणजे कागद खोटा, असं नाही. पण दाखला क्रमांक ९ आणि शेअर पाचच, तरी अनुक्रमांक ४०० च्या घरात, असं दिसलं तर सचिवांना विचारायला एक मुद्दा मिळतो.

खरी गोष्ट मागे असते. दाखल्याच्या पुढच्या बाजूला पहिल्या सभासदाचं नाव असतं, आणि फ्लॅट नंतर विकला गेला तरी ते तसंच राहतं. हस्तांतरणाच्या नोंदी मागच्या बाजूच्या तक्त्यात होतात: सभेची तारीख, हस्तांतरणाचा क्रमांक, ज्याच्या नावे झालं त्याचं नाव, शेअर रजिस्टरमधला फोलिओ, आणि पुन्हा सह्या. आजचा सभासद म्हणजे तक्त्यातली शेवटची ओळ. म्हणून पुढच्या बाजूचा फोटो एकटा पाठवणाऱ्याला दुसरी बाजू मागायची. पुढे दिसणारा माणूस कदाचित वीस वर्षांपूर्वी घर विकून साताऱ्याला गेलेला असतो.

शेवटच्या ओळीतलं नाव आणि इंडेक्स टूच्या आठव्या रकान्यातलं नाव जुळलं, आणि तोच माणूस करारावर सही करणार, त्याच्याच खात्यात पैसे जाणार, असं असेल तर तुमचं काम झालं. टोकन द्या.

भाचीच्या बाबतीत जुळलं नाही

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला चार फोटो आले. हे झालं म्हणजे मंडळी लबाड नव्हती, एवढं तर कळलं. मी मोबाइलवर फोटो मोठा करून बघितला. दाखल्याच्या पुढे एक नाव, १९९६चं. मागे एकच ओळ: २००९ मध्ये हस्तांतरण, दोन नावांवर, एक गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी. इंडेक्स टूमध्ये खरेदी घेणारे तेच दोघं. आणि भाचीला फ्लॅट दाखवून चहा देणाऱ्या 'काकां'चं नाव यात कुठेच नाही.

तिने विचारलं तेव्हा सरळ उत्तर मिळालं. "बाबा जाऊन दोन वर्षं झाली. आई माझ्याकडेच असते. सगळं मीच बघतो, अगदी मेंटेनन्ससुद्धा." टोकनसाठी दिलेला नंबर मात्र त्यांच्या बायकोचा होता.

पुण्यात हे फार आढळतं. वडील गेलेले, सोसायटीत नाव लावायचं राहून गेलेलं, मुलगा सगळं बघतोय. कुणाच्या मनात काळंबेरं नसतं. पण कागदावर हा मुलगा एकटा मालक नाही. आईचा स्वतःचा हिस्सा आहे, आणि मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या हिश्श्यात आई, हा मुलगा आणि त्याची अमेरिकेतली बहीण असे तिघंही वारस. सोसायटीत नॉमिनी म्हणून मुलाचं नाव असेलही, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो वारसांच्या वतीने सांभाळणारा. 'मी नॉमिनी आहे' या वाक्यावर एक लाख डिपॉझिट सोडू नये.

भाडेकरूला याचा फटका कुठे बसतो? घरात राहताना बहुधा नाही. घर सोडताना बसतो. डिपॉझिट मुलाच्या बायकोच्या खात्यात गेलेलं, करार मुलाने केलेला, मध्येच भावाबहिणीचं बिनसलं. बहीण म्हणते, मी भाड्याने द्यायला संमती दिलीच नव्हती; मुलगा म्हणतो, आता तिच्याकडे मागा.

आम्ही काय केलं ते सांगतो. करारात मालक म्हणून आईचं नाव पहिलं घातलं, कारण त्या स्वतः सहमालक आणि सोसायटीच्या सभासद आहेत. मुलालाही दुसरा मालक म्हणून सहीला घेतलं. बहिणीकडून 'फ्लॅट भाड्याने द्यायला माझी हरकत नाही' अशी दोन ओळींची ई-मेल मागवली, फ्लॅट नंबर आणि भाचीचं नाव घालून. वडिलांच्या मृत्यू दाखल्याची प्रत घेतली. पैसे टोकनपासूनच आईच्या खात्यात. यामुळे वारसाचा प्रश्न सुटला असं नाही, तो त्यांच्या घरचा प्रश्न आहे. पण अकरा महिन्यांच्या भाडेकरूसाठी एवढं पुरतं. सगळं उरकायला तीन दिवस लागले. त्या 'अजून दोन पार्ट्या' तीन दिवसांत आल्या नाहीत.

अंगठा घ्यायला मी गेलो तेव्हा आजींनी विचारलं, "माझा अंगठा कशाला? तो करतोच की सगळं." मी म्हटलं, "आजी, घर तुमचं आहे म्हणून." त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण पदराला हात पुसून अंगठा नीट, दाबून लावला. वयस्कर माणसांचे ठसे मशीन लवकर घेत नाही. चौथ्या खेपेला लागला.

शेअर सर्टिफिकेट नाहीच, असं मालक म्हणाला तर

हे खरं असू शकतं. पुण्यात बऱ्याच इमारती सोसायटी नसतात, त्या १९७०च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या असतात. पाटीवर 'अपार्टमेंट' किंवा 'कॉन्डोमिनियम' असतं, आणि सोसायटीच्या जागी असोसिएशन. (पाटीवर भरवसा ठेवू नका, नावात 'अपार्टमेंट' असलेल्या सहकारी संस्थाही भरपूर आहेत.) तिथे शेअर नसतात, म्हणून सर्टिफिकेटही नसतं. तिथे मालकाच्या नावाचं डीड ऑफ अपार्टमेंट मागायचं. तेही नोंदलेलं असतं, त्याचाही इंडेक्स टू निघतो.

नव्या इमारतीत बिल्डरने अजून सोसायटी केलेली नसते. मग करारनाम्याचा इंडेक्स टू आणि बिल्डरचं ताबापत्र. गृहकर्ज असेल तर मूळ दाखला बँकेत असतो. मालकाकडे झेरॉक्स असते, आणि ती चालते. फक्त मागची बाजू तिथेही मागायची.

या तिन्ही ठिकाणी आजचा मालक कोण, याला जोड म्हणून महापालिकेचं चालू वर्षाचं मिळकतकराचं बिल आणि मेंटेनन्सचं ताजं बिल बघा. मिळकतकराच्या नोंदी पुणे महापालिकेच्या साइटवर दिसतात. वाकड, पिंपळे सौदागर या बाजूला घर असेल तर पिंपरी-चिंचवडची साइट वेगळी. या बिलावर जुन्या मालकाचं नाव राहिलेलं असू शकतं, त्यामुळे ते एकटं पुरावा होत नाही. विजेच्या बिलाचं तर आणखीच. महावितरणचं बिल पंधरा-पंधरा वर्षं बिल्डरच्या नावाने येत राहतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. वीजबिल दाखवून "हा घ्या पुरावा" म्हणणाऱ्याला हसून इंडेक्स टू मागावा.

सोसायटीच्या ऑफिसात एक फेरी

कागद जुळले तरी मी ही फेरी मारायला सांगतोच. ऑफिस बहुधा पार्किंगच्या कोपऱ्यात, संध्याकाळी तासभर उघडं. सभासदांची यादी त्यांच्याकडे असते, पण ती बघण्याचा हक्क तुम्हाला नाही, आणि "फ्लॅट कुणाचा?" असं विचारलंत तर "तुम्ही कोण?" हेच ऐकायला मिळेल. म्हणून नाव आपणच घ्यायचं: "बी दोनशे तीनमध्ये भाड्याने यायचा विचार आहे. मालक अमुक-अमुकच ना? आणि भाडेकरूंसाठी सोसायटीला काय काय कागद लागतात?" सचिव मान हलवतात किंवा भुवया उंचावतात. दोन्हीतून उत्तर मिळतं. पाण्याचं खरं काय ते आणि बॅचलर मुलींबद्दल समितीचं मत काय, तेही याच फेरीत कळतं.

मालक परदेशात असेल आणि कुणी मुखत्यारपत्रावर सही करणार असेल, तर ते पत्र पूर्ण वाचा. 'भाड्याने देणे, करारावर सही करणे, नोंदणी करणे' हे अधिकार शब्दांत लिहिलेले हवेत, आणि डिपॉझिट घेण्याचा अधिकार नसेल तर पैसे मालकाच्याच खात्यात. मालकाशी एकदा व्हिडिओ कॉल करा, आणि त्यात मुखत्याराचं नाव त्यांच्याच तोंडून येऊ द्या.

मग टोकन

रोख देऊ नका. बँकेतून पाठवा. पाठवण्याआधी अॅप जे खातेदाराचं नाव दाखवतं ते शेअर सर्टिफिकेटच्या शेवटच्या ओळीशी ताडून बघा. वेगळं नाव आलं तर थांबून विचारा. पैसे गेल्यावर मालकाकडून व्हॉट्सअॅपवर का होईना, पण लेखी पोच घ्या: कोणत्या फ्लॅटसाठी, किती रुपये, करार कोणत्या तारखेपर्यंत, आणि मालकाने बेत बदलला तर पूर्ण टोकन किती दिवसांत परत. भाचीने सात दिवस लिहून घेतले. उरलेलं डिपॉझिट करार नोंदवून झाल्यावर, त्याच दिवशी, चावी हातात घेताना द्यायचं. भाडेकरार नोंदवण्याची जबाबदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५ने घरमालकावर टाकली आहे, त्यामुळे "आधी सगळे पैसे, करार नंतर बघू" असं कुणी म्हणालं तर हे कलम शांतपणे सांगता येतं.

फोटोंचं काय करायचं, हे भाचीने शेवटी विचारलं. इंडेक्स टू आणि दाखल्याच्या दोन्ही बाजू, बहिणीची ई-मेल, टोकनची पोच आणि नोंदलेला करार असं सगळं स्वतःलाच मेल करून ठेव म्हटलं, डिपॉझिट परत खात्यात पडेपर्यंत.